सूज उतरल्यावर ताटात मीठ किती आणि प्रथिने किती?

वाचकाचे पत्र

मॅडम, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. पाच आठवड्यांपूर्वी अंगाला खूप सूज आली आणि नेफ्रोटिक सिंड्रोमचे निदान झाले. दवाखान्यात दाखल केले तेव्हा वजन २०.४ किलो होते. सूज उतरल्यावर ते १७.२ वर आले. गेले जवळजवळ तीन आठवडे सकाळच्या लघवीत प्रथिने निल येत आहेत. क्रिएटिनिन आणि रक्तदाब ठीक आहेत. प्रेडनिसोलोन रोज सकाळी चालू आहे. पण आता चेहरा पुन्हा गोल दिसतो, वजन १८.६ झाले आहे आणि त्याला दिवसभर भूक लागते. सूज परत आली म्हणून मी मीठ पूर्ण बंद केले, तर तो जेवण थुंकून टाकतो आणि बिस्किटे मागतो. सासूबाई लघवीवाटे गेलेली ताकद भरून काढायची म्हणून रोज चार अंड्यांचा पांढरा भाग आणि प्रोटीन पावडर देतात. मोठ्या जाऊबाई म्हणतात की किडनीचा आजार आहे, डाळ बंद करा. नेमके काय करावे?
— एक आई, ऐरोली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेल्या आकड्यांवरून तरी ही सूज परतलेली दिसत नाही. हा प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टेरॉइडचा, परिणाम आहे. मीठ किती द्यायचे हे त्यावरच ठरते, म्हणून आधी दोन्हींतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा ते सांगते.

या आजारात मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने लघवीत झिरपतात आणि येणारी सूज म्हणजे ऊतींमध्ये साठलेले पाणी. ते सकाळी पापण्यांवर अधिक दिसते आणि दिवस चढतो तसे पायांकडे उतरते. नडगीच्या हाडावर अंगठा आठ-दहा सेकंद दाबून धरला आणि उचलल्यावर तिथे खळगा राहिला, तर ते पाणी आहे. स्टेरॉइडमुळे गोल होणारा चेहरा मात्र सकाळ-संध्याकाळ सारखाच असतो. गाल भरतात, हनुवटीखाली घडी पडते, पोट थोडे पुढे येते, पण दाबल्यावर कुठेही खळगा पडत नाही आणि लघवीतली प्रथिने तपासण्याची पट्टी निलच राहते. वजनाची चालही वेगळी असते. पाणी साठते तेव्हा एक-दोन दिवसांतच अर्धा किलो किंवा त्याहून अधिक वाढ दिसते. आपल्या मुलाचे १.४ किलो साधारण तीन आठवड्यांत, म्हणजे रोज साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास वाढले आहे. या वयाच्या मुलाचे वजन एरवी वर्षभरात सुमारे दोन किलोने वाढते, त्यामुळे ही वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नाही, परंतु ती भुकेची आहे आणि मीठ तोडून ती थांबणार नाही. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि तितक्याच कपड्यांत वजन करून लघवीच्या निकालाशेजारी वहीत लिहीत जावे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना त्या दोन रांगांवरून बरेच काही कळेल.

आता मिठाविषयी. सूज असताना मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि सोडियमबरोबर पाणीही अंगात राहते, म्हणून त्या काळात मिठावर कडक मर्यादा असते. भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या सूचनांमध्ये सूज टिकून असलेल्या मुलांसाठी दिवसाला १ ते २ ग्रॅम मीठ सांगितले आहे आणि लघवीतली प्रथिने थांबून ती स्वच्छ झाल्यावर तितक्या कडक पथ्याची गरज नसते. आपल्या मुलाचा रोजचा पूर्ण डोस अजून चालू आहे. स्टेरॉइडमुळे रक्तदाब वाढू शकतो आणि खारट पदार्थांनी भूकही चाळवते, म्हणून मी एकदम घरच्यांइतके मीठ सुरू करा असे म्हणणार नाही. रोजचा डोस संपेपर्यंत दिवसाला वरून घातलेले मीठ २ ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याचा साधारण तिसरा भाग, इतके ठेवावे. पूर्ण अळणी जेवण मात्र आजच बंद करावे. मूल थुंकून टाकते म्हणजे भाजी, डाळ आणि भाकरी पोटात जातच नाहीत आणि त्यांची जागा बिस्किटे घेतात, ज्यांत मीठ, साखर आणि वनस्पती तूप हे तिन्ही असते. शिवाय लघवी वाढवणारे औषध चालू असेल किंवा उलट्या-जुलाब झाले, तर मिठाच्या पूर्ण बंदीने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पाणीही तोडू नये. पाण्यावर मर्यादा घालायची वेळ फार थोड्या मुलांवर, तीही मोठ्या सुजेत, येते आणि ती डॉक्टरच सांगतात.

हे २ ग्रॅम अंदाजाने देण्यापेक्षा मोजून द्यावेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १० ग्रॅम मीठ तोलावे आणि त्याचे पाच सारखे भाग करून छोट्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावे. कागदी पुड्या आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या होतात. एक डबी म्हणजे मुलाचे एका दिवसाचे मीठ. घरातली भाजी आणि वरण शिजत असताना मीठ घालण्यापूर्वी त्याच्या वाटणीचे बाजूला काढावे, भातात आणि कणकेत मीठ घालूच नये (भाकरीत ते एरवीही नसते), आणि ताट वाढल्यावर डबीतली चिमूट भाजीवर आणि वरणावर भुरभुरावी. शिजवताना घातलेले मीठ पदार्थात विरून जाते, तर वरून घातलेले थेट जिभेला लागते, त्यामुळे थोड्याच मिठात पदार्थ खारट लागतो. डबी संध्याकाळी रिकामी झाली तर दुसरी उघडायची नाही, एवढा एकच नियम घरात सगळ्यांनी पाळला तरी पुरे. चवीसाठी लिंबू, आले, लसूण, भाजलेले जिरे, कोथिंबीर, ओले खोबरे आणि कच्ची कैरी हाताशी ठेवावी. चिंच आणि आमसूल वापरताना जपावे. वर्षाची चिंच आपल्याकडे मीठ लावूनच ठेवतात, आमसुले करतानाही मीठ लागते आणि कोकमाचे आगळ तर खारटच असते.

डबी कितीही काटेकोर ठेवली तरी न दिसणारे मीठ हिशेब बिघडवते. पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स आणि सुका बोंबील किंवा सुकट यांत मीठ असते हे आपण जाणताच. पण चुरमुऱ्यांतही मीठ असते, पाव आणि खारी यांतही असते, चीजच्या एका चकतीतही असते, आणि चाट मसाल्याचा तर आधारच काळे मीठ आहे. खाण्याचा सोडा आणि इनो खारट लागत नाहीत, पण दोन्हींत भरपूर सोडियम असते, म्हणून झटपट ढोकळा आणि झटपट इडली या काळात टाळावी; डाळ-तांदूळ आंबवून केलेली घरची इडली चालेल, फक्त पिठातले मीठ डबीतून घ्यावे. पाकिटबंद पदार्थांवर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ किती मिलिग्रॅम ते कळते. एका पाकिटात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर २ ग्रॅम मीठ, म्हणजे मुलाची अख्ख्या दिवसाची डबी, त्या एका पाकिटात संपली.

सैंधव आणि काळे मीठ चालेल का, असे मला हमखास विचारले जाते. दोन्ही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहेत, त्यामुळे डबीत कोणते मीठ आहे याने हिशेब बदलत नाही. उलट साध्या मिठातले आयोडीन त्यांत बहुधा नसते. बाजारात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ मात्र अजिबात देऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाच्या आजारात, विशेषतः एनालाप्रिलसारखे रक्तदाबाचे औषध चालू असेल तर, रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

आता सासूबाईंचा मुद्दा. लघवीवाटे प्रथिने गेली, तेव्हा ती तोंडाने भरून काढावीत, हे ऐकायला सरळ वाटते, पण शरीरात तसे घडत नाही. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होते ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून झिरपल्यामुळे. यकृत त्या काळात आधीच नेहमीपेक्षा जास्त अल्ब्युमिन तयार करीत असते. जेवणातली प्रथिने बेसुमार वाढवली तर रक्तातली पातळी त्या प्रमाणात चढत नाही. गळती चालू असेल तर लघवीवाटे जाणारे प्रमाणच वाढते. फुटक्या माठात पाणी ओतत राहण्यापेक्षा माठ सांधावा लागतो, आणि ते काम प्रेडनिसोलोन करते. आपल्या मुलाच्या बाबतीत ते झालेही आहे, कारण तीन आठवडे लघवीत प्रथिने नाहीत.

मग किती द्यावीत? भारतीय सूचनांनुसार दर किलो वजनामागे दिवसाला दीड ते दोन ग्रॅम. वजन धरायचे ते सूज उतरल्यानंतरचे, म्हणजे १७.२ किलो, दवाखान्यातले २०.४ नव्हे आणि आजचे १८.६ ही नव्हे. हिशेब येतो २६ ते ३४ ग्रॅम. हा आकडा घरच्या साध्या जेवणातून सहज गाठला जातो. सकाळी १५० मिलिलिटर टोन्ड दूध दिले की सुमारे ५ ग्रॅम झाले. नाश्त्याला एक अख्खे अंडे आणि एक लहान पोळी दिली की आणखी ८ ग्रॅम. शाळेच्या डब्यात २० ग्रॅम मूगडाळीचे धिरडे दिले तर जवळपास ५. दुपारी दोन छोटे फुलके, भाजी आणि १५ ग्रॅम कोरड्या डाळीचे वरण यांतून साडेसहा. रात्री लहान ज्वारीची भाकरी, भाजी आणि अर्धी वाटी, म्हणजे १०० ग्रॅम, दही यांतून सहा. एकूण ३० ग्रॅम होतात, आणि यात पावडर नाही की जास्तीचे अंडे नाही. चार अंड्यांच्या पांढऱ्या भागातून त्यावर सुमारे १४ ग्रॅमची भर पडते आणि पावडर त्याहून वेगळी, म्हणजे मूल मर्यादेच्या दीडपटीवर जाते. पावडरमध्ये बहुधा साखरही असते, आणि भूक वाढलेल्या मुलाला ती नकोच. पांढरा भाग काढून पिवळा टाकून देण्याचीही गरज नाही. आजार जोरात असताना कोलेस्टेरॉल वाढलेले असते हे खरे, परंतु लघवी स्वच्छ राहिली की ते हळूहळू खाली येते. दिवसाला एक पूर्ण अंडे पुरेसे आहे. तळण आणि डालडा मात्र टाळावे.

जाऊबाईंनी ऐकलेला डाळीचा सल्ला वेगळ्या आजाराचा आहे. मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत जातात आणि क्रिएटिनिन वाढलेले असते, तेव्हा मोठ्या माणसांच्या प्रथिनांवर मर्यादा घालतात. आपल्या मुलाचे क्रिएटिनिन ठीक आहे, त्याची गाळणी गळकी झाली होती, बंद पडलेली नव्हती. वाढत्या वयात, त्यातही स्टेरॉइड स्नायूंवर परिणाम करीत असताना, डाळ बंद केली तर मुलाची उंची आणि स्नायू दोन्हींची हानी होईल. पुढे कधी क्रिएटिनिन वाढले, किंवा स्टेरॉइडने लघवी स्वच्छ झाली नाही, तर हा सगळा आराखडा नव्याने मांडावा लागतो; आज तशी वेळ नाही.

खरी कसोटी भुकेची आहे. ही भूक औषधाची असते, मुलाच्या हट्टाची नव्हे, म्हणून रागावून ती जात नाही. खाण्याच्या वेळा ठरवून द्याव्यात, तीन जेवणे आणि मध्ये तीन छोटी खाणी, आणि त्या त्याला घड्याळात दाखवाव्यात. पाचव्या वर्षी मुलाला ‘काटा इथे आला की खायचे’ हे बरोबर समजते. प्रत्येक जेवणाची सुरुवात बिनमिठाची काकडी, गाजर किंवा दह्यातली कोशिंबीर यांनी करावी, म्हणजे पोटाला आधार मिळतो आणि पुढचे कमी जाते. मधल्या खाण्याला पेरू, पपई किंवा सफरचंद, घरी परतलेले मखाणे, ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या द्याव्यात. रस न देता फळ चावून खायला लावावे. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवून भागत नाही, तो घरात नसलेलाच बरा. आणि हे पथ्य आजी-आजोबांसह सर्वांनी पाळायचे आहे, नाहीतर मूल पाचव्या मिनिटाला दुसऱ्या खोलीत जाऊन मागते. तो लहान आहे आणि आजारातून उठला आहे म्हणून त्याला बसवून ठेवू नये. लघवी स्वच्छ असताना संध्याकाळी सोसायटीच्या आवारात अर्धा-पाऊण तास धावू द्यावे, त्याने वजन आणि हाडे दोन्हींना मदत होते. प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर एकदाच द्यावे. पोटाला ते कमी लागते, आणि संध्याकाळी दिल्यास झोप उडते. भूक आणि गोल गाल पाहून गोळी स्वतःहून कमी करणे किंवा थांबवणे हे मात्र कधीही करू नये. आजार उलटू शकतो, आणि आठवड्यांच्या सवयीमुळे शरीराने आपले स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते, त्यामुळे अचानक बंद केल्यास मूल गंभीर आजारी पडू शकते.

हाडांसाठी दूध आणि दही दोन्ही रोज द्यावे आणि आठवड्यातून तीन-चार दिवस ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी करावी, कारण नाचणीतले कॅल्शियम इतर धान्यांपेक्षा बरेच अधिक असते. प्रथिनांचा आकडा त्या दिवशी एखाद्या ग्रॅमने कमी होईल, ते चालते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे औषध डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर तेही चालू ठेवावे. आहार त्याची जागा घेऊ शकत नाही. खूप तहान लागणे आणि वारंवार लघवी होणे दिसले तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

पहिल्या वेळी साधारणतः सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड औषध देतात. एक दिवसाआड सुरू झाल्यावर काही दिवसांत भूक उतरू लागते आणि गाल नंतर काही महिन्यांत मूळ आकाराला येतात. त्या टप्प्यावर रक्तदाब ठीक असेल आणि लघवी निल असेल तर मिठाच्या डब्या बंद करून घरच्यांसोबतची कमी मिठाची भाजी देता येईल. ताटात वरून मीठ, लोणचे आणि पापड एवढे मात्र बाहेरच ठेवावे. सकाळची लघवी पट्टीवर तपासणे पुढेही चालू ठेवायचे आहे. एखाद्या दिवशी १+ किंवा २+ आले, सर्दी असताना असे होते, तर घाबरून मीठ तोडू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. सलग तीन सकाळी ३+ किंवा त्याहून अधिक आले तर तो आजार उलटल्याचा अर्थ धरतात. त्या दिवशी डॉक्टरांना फोन करावा आणि त्याच दिवसापासून मिठाची डबी १ ग्रॅमची करावी.

ताप, पोटात सतत दुखणे, लघवी फारच कमी होणे, श्वास लागणे, किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात न टिकणे, यांपैकी काहीही झाले तर पट्टीच्या तीन सकाळींची वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शाळेत किंवा शेजारी कुणाला कांजिण्या झाल्या आणि आपला मुलगा त्याच्या जवळ गेला असेल, तर अंगावर काही उठले नसले तरी २४ तासांच्या आत डॉक्टरांना कळवावे.